काकूंच्या अंड्याच्या रश्शाची हकिगत

बडोदे,
आषाढ वद्य चतुर्दशी

प्रिय शमे,

तुझं पत्र पोचलं. लेक बेंगळुरूला खोली घेऊन राहायला लागली, डब्याचं जेवण तिला विटलं आणि आता तिला स्वतःच्या हाताने ‘दांडिया बाजारच्या काकूंचा अंड्याचा रस्सा’ करायचाय, तर कृती लिहून पाठव म्हणतेस. अगं, आईने आजवर कुणाला कृती सांगितलीय का? माझ्या लग्नाच्या वेळी मी वही घेऊन बसले होते, त्या वहीत मीठ ‘चवीपुरतं’ आणि बाकी सगळं ‘थोडंसं’ असंच लिहिलेलं आहे. पण तुझं नशीब चांगलं. काल संध्याकाळी चिकूने आजीकडून रस्सा शिकून घेतला, मी शेजारीच बसले होते आणि त्याने उचललेली प्रत्येक वाटी नि चमचा मनात मोजत होते. म्हणून नुसती कृती न लिहिता सगळंच लिहिते. कोरडी कृती पाठवली तर तुझी लेक खोबरं जाळणार, हे मी आत्ताच सांगून ठेवते.

काल दुपारी चिकूला घेऊन आईकडे आले ती अजून इथेच आहे. पाऊस असा लागला की विचारू नकोस. आजव्याचं पाणी सोडलं, विश्वामित्री चढली. तुला आठवत असेल, 26 फुटांवर धोक्याची खूण आहे. पाणी तिथवर यायच्या बेताला आलं आणि काळ्या घोड्याचा पूल बंद केला. आमचं घर पलीकडे, हे पलीकडे, आणि आम्ही दोघं माहेरी अडकलो. सगळ्यांच्या मोबाइलवर मगरींचे व्हिडिओ फिरताहेत, त्यातले निम्मे जुनेच. साडेसहाला वीजही गेली.

चिकूला भूक लागली होती आणि त्याला लारीवरचा घोटाळा हवा होता. तुला घोटाळा माहीत आहेच: उकडलेली अंडी किसून मसाल्यात परतायची नि वर हाफ फ्राय फोडायचं. पण काल कुठली लारी आणि कुठलं काय. आई म्हणाली, “परवा अवस. मग श्रावण. महिनाभर या घरात अंडं येणार नाही. टोपलीत आहेत ती संपवायचीच आहेत. पण मी उठणार नाही, गुडघे धरलेत. तू कर, मी सांगते.” आणि ती ओट्याशेजारी स्टुलावर बसली, तीही गॅसकडे पाठ करून, खिडकीकडे तोंड करून. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकायला लागलाय आणि त्यात घरात एकच चार्जिंगचा दिवा. “बघून मला काही कळायचं नाही,” म्हणाली, “ऐकून आणि वासावरून सांगेन.”

आता इथून तुझ्या लेकीला वाचायला दे.

टोपलीत दोन तऱ्हेची अंडी होती, काही काल सकाळी आणलेली आणि काही आठवड्यापूर्वीची. चिकू ताजी उचलायला लागला तर आईने थांबवलं. “ताजी आम्लेटला ठेव. उकडायला शिळी.” त्याला पटेना. तिने त्याला पातेलीभर पाण्यात एकेक अंडं सोडायला लावलं. ताजं तळाशी आडवं पडलं. आठवड्याचं तळालाच राहिलं, पण बोथट टोक वर करून तिरकं उभं झालं. वर तरंगणारं निघालं असतं तर ते फेकायचं होतं. हे आपल्याला होम सायन्सला शिकवलं होतं, आठवतं? कवचाला बारीक छिद्रं असतात, त्यातून आतलं पाणी उडत जातं आणि बोथट टोकाशी हवेची जागा वाढते. त्याच छिद्रांतून कार्बन डायऑक्साइडही निघून जातो, पांढरं जास्त अल्कधर्मी होतं आणि आतली पातळ त्वचा त्याला घट्ट धरून राहत नाही. ताजं अंडं सोलताना पांढऱ्याचे लचके निघतात ते त्यामुळे. आईला अल्कधर्मी वगैरे ठाऊक नाही, पण सहाही अंडी तिने बरोबर शिळी निवडून घेतली.

अंड्याचं पातेलं आमच्याकडे अजूनही वेगळं आहे, तेच, कडेला पोचा आलेलं. माझ्या आजीच्या वेळेपासून ते ओट्याखाली कोपऱ्यात पालथं असतं आणि देवाच्या भांड्यांजवळ जात नाही. त्यात पाणी उकळलं, चमचाभर मीठ घातलं. मीठ अंड्याला चव यावी म्हणून नव्हे. कवच तडकलं तर बाहेर आलेलं पांढरं मिठाच्या पाण्यात तिथल्या तिथे लवकर आवळतं, सगळ्या पाण्यात पसरत नाही. मग गॅस बारीक करून डावाने एकेक अंडं अलगद तळाशी सोडलं. फ्रिजमधलं थंड अंडं असं सोडलं तर हमखास तडकतं, तेव्हा तुझ्या लेकीने अंडी अर्धा तास आधी बाहेर काढून ठेवावीत. गार पाण्यापासून सुरुवात केली तरी अंडी उकडतात, पण सोलायला त्रास देतात. पाण्याला परत उकळी आल्यापासून दहा मिनिटं. चिकूने फोनवर लावली.

दहा मिनिटं झाल्याबरोबर आई म्हणाली, “काढ, लगेच गार पाण्यात.” नळाचं पाणी चाललं असतं, पण पठ्ठ्याने पातेलं उचललं नि गॅलरीत पागोळ्यांखाली धरलं. अर्धा भिजून आला. घाई कशाची, तर जास्त उकडलं किंवा गरम पाण्यातच पडून राहिलं की बलकाभोवती हिरवट-काळं कडं येतं. पांढऱ्यातलं गंधक आणि बलकातलं लोह मिळून ते होतं. खाल्ल्याने काही होत नाही, पण बलक भुसभुशीत होतो आणि वास मारतो. सोलताना बोथट टोकाकडून सुरुवात करायची, कारण हवेची जागा तिथे असते, त्वचेखाली नख घालायला वाव मिळतो.

हे झालं अंड्याचं. पण शमे, काकूंचा रस्सा म्हणजे अंडी नव्हेतच, काकूंचा रस्सा म्हणजे वाटण.

दोन मोठे कांदे उभे चिरून लोखंडी कढईत चमचाभर तेलावर भाजायला घेतले. गॅस मध्यम. चिकू सारखा हलवत होता तर आई न वळता म्हणाली, “उलथनं खाली ठेव. तू हलवतोयस तोवर तो भाजणार कसा?” कांदा आधी चर्र करतो, मग त्याला पाणी सुटतं आणि आवाज बसतो, मग पाणी आटलं की पुन्हा चुरचुरायला लागतो. त्या दुसऱ्या चुरचुरीनंतरच लक्ष द्यायचं. कडा काळपट आणि मधला भाग तांबूस झाला की काढायचा. याला पंधरा मिनिटं लागली. घाई करून गॅस मोठा केला तर कडा जळतात आणि मधे कच्चा राहतो, आणि मग रश्शाला एक उग्र गोडसर वास येतो तो शेवटपर्यंत जात नाही.

मग त्याच कढईत सुका मसाला: एक मोठा चमचा धणे, चार लवंगा, सहा मिरे, बोटाच्या पेराएवढी दालचिनी, एक दगडफूल. अर्ध्या मिनिटात धण्याचा वास आला, काढून घेतला. छोटा चमचा खसखस, ती तडतडली की लगेच बाहेर.

शेवटी खोबरं. किसलेलं सुकं, अर्धी वाटी. आईने आधी चिमूटभर त्याच्या तोंडात टाकलं. पावसाळ्यात सुकं खोबरं पटकन खवट होतं, आणि खवट खोबरं भाजल्याने सुधारत नाही, उलट त्याचा वास सगळ्या रश्शात पसरतो. ते चांगलं निघालं. गॅस बारीक ठेवायला सांगितला होता तो त्याने ठेवलाही, पण कढई आधीच तापलेली होती आणि हे महाशय फोनवर पुलाची बातमी बघत होते. आईने एकदम मान वर केली. “जळलं.” चिकू म्हणाला, “नाही ग आजी, छान ब्राउन झालंय.” ती म्हणाली, “खा.” त्याने खाल्लं आणि तोंड वाकडं केलं. ते खोबरं तिने टाकून द्यायला लावलं, कढई पुसून घ्यायला लावली आणि दुसरं अर्धी वाटी घेतलं. मला वाटलं होतं ती चालवून घेईल. एरवी भाताचं एक शीत टाकू देत नाही. पण कडू खोबऱ्यावर उपाय नाही, ना गूळ घालून, ना पाणी वाढवून. दुसऱ्या खेपेला कढई गॅसवरून खाली घेऊन, नुसत्या तिच्या उष्णतेवर परतलं, आणि फिकट तांबूस झाल्याबरोबर ताटात पसरलं. कढईत ठेवून गॅस बंद केला तर चालत नाही, ते आतल्या आत रंग धरतच राहतं.

आणि मिक्सर? वीज कुठे होती! माळ्याखालचा पाटा-वरवंटा मी ओढून काढला. चिकूने जन्मात पहिल्यांदा वरवंटा धरला. आधी सुका मसाला नि खसखस, ती बारीक झाल्यावर खोबरं, मग आठ-दहा लसणाच्या पाकळ्या नि इंचभर आलं, आणि कांदा सर्वांत शेवटी. कांदा आधी घेतला तर सगळं निसरडं होतं आणि धणे वरवंट्याखालून निसटतात. पाण्याचा फक्त हात लावायचा. त्याचे दंड भरून आले, पण वाटण असं निघालं की बोटाला घट्ट चिकटून राहावं. मिक्सरमध्ये आपण पातं फिरेना म्हणून पाणी ओततो, आणि तेच पाणी पुढे कढईत आटवत बसतो. तुझ्या लेकीकडे पाटा असणार नाही. तिला सांग, सुकं सगळं आधी कोरडंच फिरव, मग कांदा घाल, आणि अडलंच तर पाण्याऐवजी चमचाभर तेल.

आता फोडणी. कढईत चार मोठे चमचे तेल. तेवढं लागतंच, कमी तेलात वाटण परतलं जात नाही, करपतं. आधी त्या तेलात हळद नि चिमूटभर तिखट टाकून अंडी फिरवली. त्याआधी प्रत्येक अंड्याला सुरीने तीन उभ्या चिरा, बलकापर्यंत न जाणाऱ्या. चिरा दिल्या नाहीत तर आत वाफ कोंडते आणि अंडं फट्कन उडून तेल अंगावर येतं. वरून पिवळसर फोड आले की काढून ठेवायची. एक बारीक चिरलेला कांदा त्याच तेलात गुलाबी केला, आणि मग सगळं वाटण.

इथे आईने त्याला फोन मला द्यायला लावला. तिच्या मते रस्सा इथे होतो किंवा बिघडतो, आणि मला ते पटतं. वाटण पडल्यावर सुरुवातीला रपरप उडतं, आवाज जाड असतो. चिकूने दोन मिनिटांत विचारलं, “बस ने?” आई म्हणाली, “कान दे. काय ऐकू येतं?” तो म्हणाला, “पत्र्यावरचा पाऊस.” “मग अजून पाणी आहे.” आणखी परतलं. आवाज हळूहळू बारीक झाला, तळल्यासारखा कोरडा. वाटण कढईची कड सोडून गोळा व्हायला लागलं, उलथन्यामागे तळ स्वच्छ दिसायला लागला, आणि कडेने तेलाचे थेंब सुटले. यातलं काहीच आईला दिसत नव्हतं, पण ती चिकूच्या आधी म्हणाली, “सुटलं.” तेल सुटायच्या जरा आधीपासून लसणाचा कच्चा, नाकात जाणारा वास थांबला होता, तिने तो धरला होता.

कारण साधं आहे. पाणी आहे तोवर वाटण शंभर अंशांच्या फारसं वर जातच नाही, तोवर ते नुसतं उकडत असतं. पाणी गेलं की मग तेलाची उष्णता मसाल्याला लागते आणि लसणाचा कच्चेपणा जाऊन खमंग वास धरतो. काल याला बारा मिनिटं लागली. मिक्सरमधल्या पातळ वाटणाला वीसही लागतील. म्हणून तिला मिनिटं सांगू नकोस, आवाज नि तेल सांग.

मग गॅस अगदी बारीक करून दोन छोटे चमचे तिखट. मोठ्या आचेवर तिखट टाकलं की काळं पडतं, ठसका लागतो आणि तर्रीचा रंग जातो. तिखटाचा लाल रंग तेलात उतरतो, पाण्यात नाही, म्हणून ते पाण्याआधी तेलात अर्धं मिनिट फिरायला हवं. आणि लगेच गरम पाणी, तीन वाट्या, शेजारच्या शेगडीवर उकळत ठेवलेलं. गार पाणी घातलं तर तर्री बसते, असं आईचं ठाम मत. मी एवढंच म्हणेन की गार पाण्याने उकळी थांबते आणि परत यायला वेळ लागतो.

चिकूने टोमॅटो विचारला. आई म्हणाली, “घाल, आणि मग त्याला रस्सा म्हणू नकोस.” (मी घरी एक घालते. तिला सांगू नकोस.)

मीठ दीड छोटा चमचा. रस्सा नुसता चाखला तर किंचित खारटच लागला पाहिजे, कारण अंड्यात मीठ फारसं शिरत नाही. चिरांमधून जेवढं जाईल तेवढंच. रस्सा अंड्यांशिवाय दहा मिनिटं उकळला, तर्री वर आली, आणि मगच अंडी सोडली, तीही फक्त चार-पाच मिनिटं बारीक आचेवर. लोक पहिल्यापासून अंडी टाकून खळखळ उकळतात आणि मग अंडं रबरी झालं म्हणून कोंबडीला दोष देतात. गॅस बंद करून, कोथिंबीर घालून, पंधरा मिनिटं झाकण. या पंधरा मिनिटांत चिकूने ‘झालं का’ किती वेळा विचारलं ते सोड.

शेजारच्या बेनचा मुलगा जिन्यात येऊन “मासी, आजे शुं बनाव्युं?” विचारून गेला. त्यांच्याकडे लसूणसुद्धा चालत नाही, पण वास कुणाला चुकतो! आई दरवर्षी अशा वेळी खिडक्या लावून घेते. काल पावसामुळे त्या आधीच लावलेल्या होत्या, त्यामुळे सगळा वास जिन्यातून गेला. त्याला मी साखरेचे दाणे दिले आणि पाठवला.

पावाची लादी होती, भात होता. आईने पहिला घास रश्शात पाव बुडवून घेतला. चिकू तिच्या तोंडाकडे बघत. ती म्हणाली, “मिरे दोन कमी चालले असते.” एवढंच. पण दुसऱ्यांदा वाढून घेतलं, आणि तू तिला ओळखतेस, ती स्तुती करत नाही, वाढून घेते.

आता तुझ्या लेकीसाठी राहिलेलं. वरचं सगळं प्रमाण सहा अंड्यांचं, चौघांना पुरेल असं. एकटीला एवढं करायचं नसेल तर वाटण पुरं करावं, तेल सुटेपर्यंत परतावं, गार करून कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावं. आठवडा सहज टिकतं. ओला चमचा घालू नये. लागेल तेव्हा दोन चमचे काढून तेलात गरम करायचं, तिखट, गरम पाणी, मीठ, आणि अंडी मात्र त्याच दिवशी उकडलेली. तयार रश्शात अंडी ठेवून दुसऱ्या दिवशी गरम केली तर पांढरं चिवट होतं आणि बलक रश्शात विरघळून तो गढूळ होतो. उरलाच तर अंडी बाहेर काढून रस्सा वेगळा ठेवायचा, अंडी भुर्जीत घालायची.

इंडक्शनवर करणार असेल तर खोबऱ्याच्या वेळी विशेष जपायला सांग. तिथे आच दिसत नाही आणि भांडं बंद केल्यावरही तापलेलंच असतं. आणि दगडफूल तिकडे किराण्यात मिळतंय का ते विचारून कळव. नसेल तर मी चिमूटभर पुढच्या पत्राच्या पाकिटात घालते, दोन-तीन वेळा पुरेल. एका वेळी एकच घालायचं, जास्त झालं की रश्शाला मातकट वास येतो.

काकूंचा आशीर्वाद. भावजींना नमस्कार, लेकीला गोड पापा.

तुझी,
मंदा